पहिल्याच ई-मेलमध्ये आकडा लिहावा का?

कोथरूडमध्ये कर्वे रस्ता आणि पौड रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत, तीस-चाळीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती अजूनही भरपूर आहेत. जवळपास प्रत्येक इमारतीची सहकारी गृहरचना संस्था आहे आणि प्रत्येक संस्थेला सचिव आहे. बहुधा निवृत्त, हिशेबाला पक्का आणि हे काम विनावेतन करणारा माणूस. त्याच्या ई-मेलवर रंगकाम, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, सीसीटीव्ही, सौर पॅनेल, लिफ्टची देखभाल अशा कामांची अनोळखी पत्रे सतत येत असतात. बहुतेक पत्रांत ‘वाजवी दरात’ किंवा ‘आकर्षक दरात’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्ष दर मात्र कुठेच नसतो.

पत्र पाठवणाऱ्याचाही नाइलाज असतो. आकडा लिहिला आणि तो जास्त वाटला तर पत्र तिथेच संपते. कमी लिहिला तर नंतर तोच गळ्यात पडतो. काम न बघता आकडा सांगायचा तरी कसा, हा प्रश्नही खराच आहे. म्हणून बरेच जण दर टाळतात आणि ‘भेटीत बोलू’ म्हणतात. हा निर्णय दरवेळी चुकीचा नसतो, पण गृहरचना संस्थेला लिहिताना तो बहुतेकदा चुकतो. का चुकतो आणि आकडा लिहायचाच तर कसा लिहावा, हे एका कामाच्या आधारे नीट पाहू. ते काम म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या मजबुतीची तपासणी.

हे काम निवडण्याचे कारण असे की कोथरूडमधल्या जुन्या इमारतींना ते टाळता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. म्हणजे गरज ठरलेली आहे. प्रश्न उरतो तो कोणाकडून करून घ्यायचे आणि किती पैशांत, एवढाच.

सचिवाला आकडा कशासाठी हवा असतो

समजा, एका तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअरने कोथरूडमध्ये कार्यालय काढले आहे आणि तो मयूर कॉलनीतल्या एका संस्थेला पहिल्यांदाच लिहितो आहे. संस्थेत दोन इमारती आणि ४८ सदनिका आहेत. इमारतींना तीस वर्षे उलटून गेली आहेत. पत्र सचिवाच्या हाती पडते. आता तो काय करेल?

तो एकटा काहीच ठरवू शकत नाही. त्याला विषय आधी व्यवस्थापक समितीपुढे ठेवावा लागतो, आणि खर्च मोठा असेल तर सर्वसाधारण सभेपुढे. ही ‘मोठा’ची रेघ उपविधींमध्ये आखून दिलेली आहे. दुरुस्ती-देखभालीसाठी एका वेळी समितीला आपल्या अधिकारात करता येणारा खर्च सभासदसंख्येवर ठरतो. २५ सभासदांपर्यंत २५ हजार रुपये, २६ ते ५० सभासद असतील तर ५० हजार आणि ५१ पासून पुढे एक लाख. त्याहून जास्त रक्कम असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ऑडिटचे शुल्कही बऱ्याच समित्या याच मापाने तोलतात. काही संस्थांच्या सभेने वेगळे ठरावही केलेले असतात.

आपल्या ४८ सदनिकांच्या संस्थेसाठी ही रेघ ५० हजारांवर आहे. पत्रात आकडा असेल तर सचिवाला लगेच कळते की हा विषय येत्या समिती-बैठकीत निकालात निघेल की सभेपर्यंत थांबवावा लागेल. आकडा नसेल तर तो विषयपत्रिकेत काय लिहिणार? ‘ऑडिटबाबत विचार करणे’ असे लिहिले की बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ सचिवाकडे उत्तर नसते आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. पाठवणाऱ्याला वाटते की पत्र आवडले नाही. खरे म्हणजे पत्र पुढे सरकायला लागणारी एकच गोष्ट त्यात नव्हती.

आकडा नसण्याचा दुसरा परिणाम याहून वाईट असतो. काही ठिकाणी दुरुस्तीचे कंत्राट मिळवू पाहणारा ठेकेदार किंवा पुनर्विकासात रस असलेला विकासक ऑडिट ‘मोफत’ करून देतो. अशा अहवालाचा कल कुठे असेल हे समजायला फार विचार लागत नाही, तरी मोफत म्हटले की समितीचे कान टवकारतात. त्यातच दर न लिहिलेले पत्र आले की वाचणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. हाही त्यातलाच असावा, नाहीतर फारच महाग असावा. दोन्ही शंका प्रामाणिक इंजिनिअरच्या विरोधात जातात.

पहिला आकडा मनात कसा रुततो

आकडा लिहायचा ठरला की एक धोका आपोआप येतो. पहिला आकडा मनात घर करतो आणि पुढची सगळी बोलणी त्याच्याभोवती फिरतात. अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे एक प्रसिद्ध उदाहरण दिले. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारले, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसले त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आला आणि ज्यांना ६५ दिसले त्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नाही हे उघड असूनही एवढा फरक पडला.

वाटाघाटींमध्येही असेच घडते. अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ साली दाखवले की जी बाजू आधी आकडा मांडते तिच्याकडे व्यवहार झुकतो. पण समोरच्याने आकडा मांडणाऱ्याकडे दुसरे काय पर्याय आहेत याचा किंवा स्वतःच्या उद्दिष्टाचा विचार केला की हा झुकाव नाहीसा होतो, हेही त्यांना आढळले. गृहरचना संस्थाही पहिल्या आकड्यापलीकडे पाहते. ती तीन कोटेशन मागवते आणि तुलनात्मक तक्ता मांडते. त्यामुळे पहिल्या आकड्याने संस्थेला ‘बांधून’ घेता येईल अशी आशा इंजिनिअरने धरू नये. पहिला आकडा वाजवी आणि समजण्याजोगा असावा, इतकेच त्याला साधायचे आहे.

आता एकच आकडा द्यावा की ‘इतके ते इतके’ असा पट्टा? कोलंबिया विद्यापीठातील डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांनी २०१५ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की पैसे मागणाऱ्याने आपल्याला हवा असलेला आकडा पट्ट्याच्या तळाशी ठेवला आणि वर थोडी जागा सोडली, म्हणजे शंभर हवे असताना ‘शंभर ते एकशेवीस’ म्हटले, तर त्याचे नुकसान होत नाही. उलट बऱ्याचदा फायदा होतो, कारण पट्ट्याच्या खाली बोली लावणे समोरच्याला उद्धटपणाचे वाटते. हवा असलेला आकडा वर ठेवून ‘ऐंशी ते शंभर’ म्हटले की मात्र बोलणी ऐंशीकडेच ओढली जातात. हे प्रयोग वाटाघाटींबद्दलचे होते, अनोळखी ई-मेलबद्दलचे नव्हते. तरी त्यातून एक नियम आपल्याला थेट घेता येतो. पट्ट्याचा खालचा आकडा असा असावा की त्या पैशांत काम मिळाले तरी आपण ते मनापासून करू. समितीला तोच आकडा लक्षात राहणार आहे.

पट्टा येतो कुठून

अनेक जण पट्टा अंदाजाने लिहितात. ‘तीस ते नव्वद हजार’ असे काहीतरी. एवढ्या रुंद पट्ट्यातून वाचणाऱ्याला एवढेच कळते की लिहिणाऱ्याला काम माहीत नाही. पट्टा हिशेबातून यायला हवा, म्हणून आपल्या इंजिनिअरचा हिशेब मांडून पाहू. पुढचे दर हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

ऑडिटमध्ये आधी डोळ्यांनी पाहणी होते. प्रत्येक सदनिका, गच्ची, पाण्याच्या टाक्या, जिना आणि पार्किंगमधले कॉलम पाहायचे. भेगा कुठे आहेत, कव्हर कुठे सुटले, सळई कुठे उघडी पडून गंजली, गळती कुठून येते, याची नोंद आणि छायाचित्रे घ्यायची. दोन माणसे दिवसाला सोळा सदनिका पाहू शकतात असे धरले तर ४८ सदनिकांना तीन दिवस लागतील. माणशी रोज तीन हजार धरले तर १८ हजार झाले. त्यानंतर काँक्रीटला धक्का न लावता करायच्या चाचण्या येतात. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा पाहायचा आणि अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणीने आतला एकसंधपणा. वीस ठिकाणी या चाचण्या करण्याचे १० हजार धरू. अहवाल लिहिणे आणि सभासदांसमोर तो समजावून सांगणे यासाठी चार दिवसांचे १२ हजार. एकूण ४० हजार झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२०० रुपये. सगळे मिळून ४७,२०० रुपये.

पण हा हिशेब इमारतीची आरसीसी ड्रॉइंग हातात आहेत असे धरून केला आहे. कॉलम आणि बीम कुठे आहेत, किती मापाचे आहेत आणि आत सळई किती आहे, हे त्यांत असते. जुन्या संस्थांच्या कपाटात बहुधा महापालिकेने मंजूर केलेला नकाशा सापडतो. त्यात खोल्या आणि मापे असतात, सळई नसते. ड्रॉइंग नसतील तर मोजमापे घेऊन नकाशा नव्याने काढावा लागतो. त्याचे १० हजार वाढतील. शिवाय चाचण्यांमध्ये काही कॉलमविषयी शंका आली तर कोअर टेस्ट करावी लागते. यंत्राने काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा काढायचा, भोक बुजवायचे आणि तो तुकडा प्रयोगशाळेत दाबून त्याची ताकद मोजायची. तीन नमुन्यांचे १२ हजार धरू. दोन्ही गोष्टी लागल्या तर मूळ रक्कम ६२ हजार होते आणि जीएसटीसह ७३,१६० रुपये.

आता आपल्याकडे पट्टा आहे, ४७,२०० ते ७३,१६०. पण त्याहून मोलाची एक गोष्ट हाती आली आहे. पट्ट्याची दोन टोके का वेगळी आहेत, हे आपल्याला माहीत आहे. तळाचा आकडा ड्रॉइंग असतील तेव्हाचा. वरचा आकडा ड्रॉइंग नसतील आणि कोअर टेस्टही लागेल तेव्हाचा. म्हणून ‘४७ ते ७३ हजार’ असे नुसते लिहिण्यापेक्षा दोन अटी आणि त्यांचे दोन आकडे लिहावेत. पट्टा नुसता दिला की समिती विचारते, ‘म्हणजे नक्की किती?’ अटींसह दिला की समिती कपाट उघडून ड्रॉइंग शोधू लागते. पत्राने साधायचे ते हेच.

या आकड्यांचा ५० हजारांच्या रेघेशी असलेला संबंधही पाहा. ड्रॉइंग सापडली आणि कोअर टेस्ट लागली नाही तर काम समितीच्या अधिकारात बसते. फक्त ड्रॉइंग नसतील तरी रक्कम जीएसटीसह ५९ हजार होते आणि विषय सभेकडे जातो. हे सचिवाला पत्रातूनच कळले तर तो दोन्हींची तयारी करू शकतो. रेघेखाली बसवण्यासाठी एकाच कामाची दोन बिले करून देण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. वार्षिक लेखापरीक्षणात तो मुद्दा सचिवाच्या अंगावर येतो आणि इंजिनिअरवरचा विश्वास त्याच दिवशी संपतो.

‘जीएसटी वेगळा’ का लिहू नये

एका छोट्या शब्दप्रयोगाने किती घोळ होतो ते या हिशेबातच दिसते. समजा इंजिनिअरने ‘४५,००० रुपये, जीएसटी वेगळा’ असे लिहिले. समितीने वाचले ४५ हजार, रेघेच्या आत, म्हणून मंजूर. बिल आले ५३,१०० रुपयांचे. आता समितीने आपल्या अधिकाराबाहेर खर्च केला असे दिसते आणि सभेत खजिनदाराला उत्तर द्यावे लागते. इंजिनिअरने खोटे काही लिहिले नव्हते. तरीही त्याच्या वाक्याने खजिनदाराला अडचणीत आणले.

मोठ्या कंपनीला लिहिताना ‘कर वेगळा’ चालते, कारण कंपनीला भरलेल्या कराची वजावट मिळते. गृहरचना संस्थेचे तसे नसते. सभासदामागे दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच वर्गणी घेणाऱ्या संस्थेला सभासदांकडून जीएसटी घ्यावा लागत नाही, आणि मग दिलेल्या कराची वजावटही मिळत नाही. कराचा प्रत्येक रुपया सभासदांच्याच खिशातून जातो. म्हणून त्यांच्यासाठी करासह रक्कम हीच खरी रक्कम. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने जीएसटी नोंदणी केलेली नसेल तर तेही स्पष्ट लिहावे, ‘जीएसटी लागू नाही’. गप्प राहिले की समिती मनातल्या मनात १८ टक्के वाढवून धरते.

आकड्याचे वाक्य एकटे फिरते

आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. सचिव अख्खे पत्र कोणाला वाचून दाखवत नाही. तो समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहितो, ‘ऑडिटसाठी एकाचे पत्र आले आहे, ४७ हजार म्हणतोय.’ अटी मागे राहतात आणि आकडा पुढे जातो. दोन महिन्यांनी इंजिनिअर ५९ हजारांचे कोटेशन देतो तेव्हा ‘आधी ४७ म्हणाला होता’ अशी तक्रार होते.

याला उपाय एकच. आकडा आणि त्याची अट एकाच वाक्यात ठेवायची, आणि अट आकड्याच्या आधी आणायची. ‘शुल्क ४७,५०० रुपये (अटी लागू)’ हे वाक्य फुटते. ‘आरसीसी ड्रॉइंग उपलब्ध असल्यास जीएसटीसह ४७,५०० रुपये’ हे वाक्य फुटत नाही, कारण मराठीत आकडा शेवटी येतो आणि तिथवर पोहोचताना अट वाचून झालेली असते. उतारा घेणारा ते वाक्य पूर्ण उचलतो.

रक्कम किती नेमकी लिहावी, हाही इथला प्रश्न. इमारत अजून पाहिलेली नाही आणि ४७,२०० असे शेवटच्या शंभरापर्यंत लिहिले तर ते खोटे नेमकेपण वाटते. पहिल्या पत्रात आकडा थोडा वरच्या बाजूला पूर्ण करावा, ४७,५०० आणि ७३,५००. पाहणीनंतरच्या कोटेशनमध्ये मात्र रुपयापर्यंत नेमकी रक्कम हवी, आणि ती पहिल्या पत्रातल्या आकड्यापेक्षा जरा कमीच आली तर दोन्ही बाजूंना बरे वाटते.

आता पत्र कसे दिसेल ते पाहू. आकडा विषयाच्या ओळीत नको. तिथे तो जाहिरातीसारखा दिसतो. आधी कोण लिहितो आहे, मग काय काम, मग आकडा, आणि शेवटी एकच प्रश्न.

विषय: आपल्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, वार्षिक सभेपूर्वी विचारार्थ

मा. सचिव, सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडमध्ये काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर असून पुणे महानगरपालिकेकडे माझी नोंदणी आहे. आपल्या दोन्ही इमारती तीस वर्षांपुढच्या आहेत असे समजते. अशा इमारतींचे ऑडिट उपविधींप्रमाणे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. आपले ऑडिट अलीकडेच झाले असेल तर हे पत्र केवळ माहितीसाठी दप्तरी ठेवावे.

सर्व ४८ सदनिका, गच्ची, टाक्या आणि पार्किंगची पाहणी, वीस ठिकाणी काँक्रीटच्या चाचण्या, छायाचित्रांसह अहवाल आणि सभासदांसमोर त्याचे विवेचन, एवढे काम आरसीसी ड्रॉइंग उपलब्ध असल्यास जीएसटीसह ४७,५०० रुपयांत होईल. ड्रॉइंग नसल्यास मोजमापे घ्यावी लागतील आणि गरज पडल्यास तीन कोअर टेस्ट कराव्या लागतील. हे दोन्ही करावे लागले तरी एकूण रक्कम जीएसटीसह ७३,५०० रुपयांपुढे जाणार नाही. एकदा इमारत पाहून नक्की रक्कम लेखी कळवीन, त्या भेटीचे शुल्क नाही. हे दर ३१ ऑक्टोबरपर्यंत कायम राहतील.

दुरुस्तीचे कंत्राट मी घेत नाही आणि कोणा ठेकेदाराशी माझा आर्थिक संबंध नाही.

आपल्या दप्तरी आरसीसी ड्रॉइंग आहेत का, एवढे कळवावे ही विनंती.

यातले काही शब्द मुद्दाम निवडलेले आहेत. ‘पुढे जाणार नाही’ ही कमाल मर्यादा आहे, म्हणून सदनिकांची आणि नमुन्यांची संख्या त्याच परिच्छेदात लिहिली आहे. संस्थेने नंतर तिसरी इमारत जोडली तर मर्यादा बदलेल हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ हा मुदतीचा दिवसही विचारपूर्वक ठेवला आहे. संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. पत्र जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पोहोचले तर विषय नोटिशीत येऊ शकतो, आणि सभेने मंजुरी दिली तर कार्यादेश द्यायला महिनाभर मिळतो. ‘ही ऑफर सात दिवसांसाठीच’ असे लिहिणाऱ्याला संस्था कशी चालते हेच माहीत नाही, असा समितीचा समज होतो, आणि तो बरोबर असतो.

‘दुरुस्तीचे कंत्राट मी घेत नाही’ हे वाक्य आकड्याच्या लगेच नंतर येते. मोफत ऑडिटशी तुलना होणारच आहे. ४७ हजार रुपये कशाचे, याचे उत्तर या एका वाक्यात मिळते. पैसे देऊन घेतलेल्या अहवालामागे दुसरा स्वार्थ नाही. सवलत देण्यापेक्षा याचे वजन जास्त असते. पण वाक्य खरे असेल तरच लिहावे.

उत्तरावरून काय ओळखावे

समितीचे उत्तर काय येते यावरून आकडा नीट लिहिला गेला की नाही हे कळते. ‘ड्रॉइंग शोधतो’ किंवा ‘मंजूर नकाशा चालेल का?’ असे उत्तर आले तर पत्राने काम केले. ‘यात लीकेजची तपासणी येते का?’ असे आले तरी चांगलेच, कारण विचार कामाचा चालला आहे. ‘शेवटचा किती?’ एवढेच आले तर आकडा कामापासून सुटला आहे असे समजावे. तिथे दर कमी करू नये. कोणते काम कमी केले तर किती कमी होईल ते सांगावे, उदाहरणार्थ वीसऐवजी बारा ठिकाणी चाचण्या केल्या तर किती. त्यामुळे अहवाल किती कच्चा होईल हेही त्याच वेळी सांगावे. मुळीच उत्तर आले नाही तर पंधरा-वीस दिवसांनी एकदा आठवण द्यावी, पण त्या आठवणीत आकडा घटवू नये. न मागता घटलेला दर पाहून समितीला वाटते की पहिला आकडा फुगवलेला होता.

आकडा न लिहिण्याची ठिकाणे

काही ठिकाणी आकडा न लिहिणेच बरोबर असते. याच कामातले उदाहरण घ्यायचे तर दुरुस्तीचा खर्च. किती कॉलमना जॅकेटिंग लागेल, किती चौरस फूट प्लास्टर काढावे लागेल, हे ऑडिटच्या आधी कोणालाच माहीत नसते. तिथे पट्टा दिला तर तो हिशेबातून आलेला नसतो, आणि सभासदांच्या मनात मात्र पक्का बसतो. सचिवाने विचारलेच तर ‘अहवालात प्रमाणांसह अंदाजपत्रक असेल’ एवढेच सांगावे.

दुसरे ठिकाण म्हणजे जिथे खरेदीची पद्धत ठरलेली आहे, मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालये. तिथे दर मागवण्याची वेळ आणि नमुना तेच ठरवतात. त्याआधी पाठवलेला आकडा कोणाच्या टेबलावर बसत नाही. तिथल्या पहिल्या पत्रात आपण कोणते काम करतो आणि पुरवठादार म्हणून नोंदणी कशी करायची, एवढेच विचारावे.

काही व्यवसायांना तर काम मागणारे पत्र पाठवण्याचीच मनाई आहे. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार आणि चार्टर्ड अकाउंटंटना १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार अशी याचना करता येत नाही. त्यांच्यासाठी आकडा लिहावा का, हा प्रश्नच उद्भवत नाही.

बाकीच्यांना हा प्रश्न एका कसोटीवर सोडवता येतो. वाचणाऱ्याला आकड्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नसेल आणि आपल्याला तो हिशेबाने मांडता येत असेल, तर लिहावा. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट नसेल तर लिहू नये. कोथरूडमधल्या चार मजली इमारतीच्या सचिवाला लिहिताना दोन्ही गोष्टी असतात.

पत्र पाठवण्याआधी त्यातले आकड्याचे वाक्य तेवढे वेगळे काढून वाचा. काम कोणते, अट कोणती, कर धरला आहे का आणि जास्तीत जास्त किती, ही चारही उत्तरे त्या दोन-तीन ओळींत मिळत असतील तर पत्र पाठवा. मिळत नसतील तर आकडा खोडा, आधी माहिती मागा आणि हिशेब करूनच पुन्हा लिहा.